तीस दिवस, पण कधीपासून?

कोटेशनसोबत जाणारा ईमेल बहुतेक वेळा घाईत लिहिला जातो. कोटेशन तयार करण्यात चार-सहा दिवस गेलेले असतात, कच्च्या मालाचे भाव तपासून झालेले असतात, सवलत किती द्यायची यावर वरिष्ठांशी घासाघीस झालेली असते, आणि हे सगळे एकदाचे पीडीएफमध्ये बसले की पाठवणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. मग ईमेलमध्ये तीन ओळी उमटतात: ‘आपल्या मागणीनुसार कोटेशन सोबत जोडले आहे. वैधता तीस दिवस, डिलिव्हरी आठ आठवडे, पेमेंट नेहमीप्रमाणे. काही शंका असल्यास कळवावे.’

माझ्या नोकरीचा बराचसा काळ असे ईमेल पाठवण्यात आणि त्याहून अधिक काळ ते वाचण्यात गेला आहे. वाचणाऱ्याच्या खुर्चीत बसले की एक गोष्ट लवकर लक्षात येते. शंका असल्यास कळवावे असे लिहिणाऱ्याला वाटते तेवढ्या शंका वाचणाऱ्याला येतच नाहीत, कारण प्रत्येक वाक्याचा स्वतःला सोयीचा अर्थ त्याने आधीच लावून टाकलेला असतो. तीस दिवस म्हणजे आपण ईमेल उघडला त्या दिवसापासून तीस, आठ आठवडे म्हणजे आपण ऑर्डर दिली त्या दिवसापासून आठ, आणि नेहमीप्रमाणे म्हणजे आपल्या नेहमीप्रमाणे. पाठवणाऱ्याच्या मनातले तिन्ही अर्थ वेगळे असतात आणि तोही तितकाच निःशंक असतो. वाद होतो तो पुढे कधीतरी, माल अर्धा तयार असताना.

हे कसे घडते ते एका प्रकरणातून सांगतो. नावे बाजूला ठेवतो, तारखा तेवढ्या ठेवतो, कारण सगळी गंमत तारखांतच आहे.

आमच्या कार्यालयाला चार पंप घ्यायचे होते. पुरवठादाराचे कोटेशन 3 मार्चला आले, सोबत वर दिलेल्या नमुन्याचाच ईमेल होता. आमची पर्चेस ऑर्डर 31 मार्चला गेली. पुरवठादाराने आधी ॲडव्हान्स मागितला; आमच्या लेखाविभागाने ॲडव्हान्ससाठी प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, म्हणजे माल देण्याआधीचे कच्चे बिल, मागितला; तो येऊन, नवा पुरवठादार म्हणून नोंदणी होऊन, मंजुरी मिळून पैसे त्यांच्या खात्यात पोहोचले 22 एप्रिलला. त्यानंतर त्यांनी पंपाचे ड्रॉइंग मंजुरीसाठी पाठवले, आमच्या अभियंत्याने पाइपच्या जोडणीत एक दुरुस्ती सुचवली, आणि अंतिम मंजुरी गेली 5 मेला.

आता आठ आठवडे मोजून पाहा. ऑर्डरच्या तारखेपासून मोजले तर पंप 26 मेला यायला हवेत. ॲडव्हान्स जमा झाल्यापासून मोजले तर 17 जूनला. ड्रॉइंग मंजूर झाल्यापासून मोजले तर 30 जूनला. एकाच वाक्यातून तीन तारखा निघतात आणि पहिल्या-शेवटच्या तारखांत तब्बल पाच आठवड्यांचे अंतर पडते. आमच्या अभियंत्याने पंप बसवणारी माणसे 26 मेच्या हिशेबाने ठरवली होती, तर पुरवठादाराच्या उत्पादन विभागाच्या फळ्यावर 30 जून लिहिलेले होते. खोटे कोणीच बोलत नव्हते.

याहून अवघड गाठ वैधतेत होती. 3 मार्चपासून तीस दिवस म्हणजे 2 एप्रिल. (पाठवल्याचा दिवस पहिला धरणारेही असतात, त्यांच्या हिशेबाने 1 एप्रिल.) आमची ऑर्डर 31 मार्चची, म्हणजे आम्ही मुदतीत होतो असे आम्ही धरून चाललो. पण कोटेशनच्या शेवटच्या पानावर छापील अटींमध्ये एक वाक्य होते: ॲडव्हान्स मिळाल्यावरच ऑर्डर ग्राह्य धरली जाईल. ॲडव्हान्स मिळाला 22 एप्रिलला. त्या वाक्याप्रमाणे आमची ऑर्डर ग्राह्य झाली तेव्हा कोटेशन संपून जवळपास तीन आठवडे झाले होते, आणि पुरवठादाराने मोटारीचा भाव वाढल्याचे कारण देऊन सुधारित दर कळवला. ईमेलमधली वैधता ऑर्डरशी बांधलेली वाटत होती, पीडीएफमधली पेमेंटशी बांधलेली निघाली.

कव्हर ईमेलबद्दल माझे जे काही म्हणणे आहे ते या एका प्रकरणात आले. वैधता, डिलिव्हरी आणि पेमेंट या तीन स्वतंत्र अटी म्हणून छापल्या जातात, पण प्रत्यक्षात त्या एकमेकींत अडकलेल्या असतात. पेमेंटशिवाय डिलिव्हरीची मोजणी सुरू होत नाही, वैधतेत ऑर्डर आल्याशिवाय पेमेंटचा प्रश्न उद्भवत नाही. त्यामुळे ईमेलने आकडा सांगून भागत नाही. प्रत्येक आकडा कोणत्या घटनेपासून मोजायचा आणि ती घटना घडवून आणणे कोणाच्या हातात आहे, हे सांगावे लागते. साधी भाषा म्हणतात ती इथे लागते. सोपे शब्द वापरले म्हणून ती साधी होत नाही; ‘आठ आठवडे’ याहून सोपे शब्द कोणते असणार?

वैधतेपासून सुरुवात करू. पहिली सुधारणा अगदी बारीक आहे: दिवसांची संख्या लिहू नये, तारीख लिहावी. ‘हे दर 2 एप्रिल, संध्याकाळी 5 वाजेपर्यंत कायम आहेत’ असे लिहिले की मोजणीचा वाद संपतो. दोन पक्ष वेगवेगळ्या देशांत असतील तर 5 वाजता कोणाच्या घड्याळात, हेही त्याच वाक्यात घालावे. तारीख लिहिण्याची सवय फारशी कोणाला नसते, कारण कोटेशनचा साचा तयार असतो आणि साच्यात ‘30 दिवस’ छापून ठेवणे सोयीचे असते. साचा तसाच ठेवायचा असेल तर निदान ईमेलमध्ये तारीख लिहावी, आणि ती साच्यातल्या तीस दिवसांशी जुळते का ते पाठवण्यापूर्वी मोजून घ्यावे.

दुसरी गोष्ट अशी की त्या तारखेपर्यंत नेमके काय व्हायला हवे ते लिहावे. ऑर्डर निघायला हवी की पोहोचायला हवी? तोंडी होकार चालेल की लेखी ऑर्डरच हवी? 1980 साली व्हिएन्नात स्वीकारलेल्या, मालाच्या आंतरराष्ट्रीय विक्रीसंबंधीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात होकार समोरच्याकडे पोहोचेल तेव्हा लागू होतो, तर जुन्या इंग्रजी न्यायपरंपरेत पत्राने दिलेला होकार पत्र टपालात पडल्याबरोबर लागू होऊ शकतो. दोन पक्षांवर कोणता कायदा चालतो हे ईमेल लिहिणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते, आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. ‘आपली लेखी पर्चेस ऑर्डर या ईमेल पत्त्यावर 2 एप्रिल, संध्याकाळी 5 पर्यंत आमच्याकडे पोहोचावी’ एवढे लिहिले की तो प्रश्नच उरत नाही.

वैधतेची तारीख कुठून येते, हेही पाहण्यासारखे आहे. ती हवेतून काढलेली नसावी. पंप बनवणारा मोटार बाहेरून घेतो. मोटारवाल्याने त्याला दर दिलेला असतो आणि त्या दराचीही मुदत असते. समजा ती 30 एप्रिलला संपते. ऑर्डर स्वीकारण्याची शेवटची तारीख 2 एप्रिल, त्यानंतर ॲडव्हान्ससाठी जास्तीत जास्त 21 दिवस, म्हणजे 23 एप्रिल. मग मोटारीची ऑर्डर देण्यासाठी त्याच्या हातात एक आठवडा राहतो. अशी मागून पुढे मोजत आणलेली तारीख पाळता येते. ज्याने ती अशी मोजलेली नसते तो मग छापील अटींत ‘कच्च्या मालाचे भाव बदलल्यास दर बदलतील’ असे वाक्य घालून ठेवतो, आणि ईमेलमध्ये मात्र दर तीस दिवस कायम असल्याचे लिहितो. ही दोन वाक्ये एकत्र नांदू शकत नाहीत. दर खरोखरच बदलता ठेवायचा असेल तर तसे ईमेलमध्येच, वैधतेच्या शेजारी लिहावे, आणि कशाच्या भावावरून किती बदलेल तेही लिहावे. ग्राहक नाराज होईल खरा, पण ती नाराजी मार्चमध्ये परवडते, जूनमध्ये परवडत नाही.

डिलिव्हरीचे वाक्य सर्वांत जास्त फसवे. त्यात तीन प्रश्न दडलेले असतात: मोजणी कधी सुरू होते, कधी संपते आणि दरम्यान माल कोणाच्या जबाबदारीवर असतो. सुरुवातीचा प्रश्न पंपांच्या उदाहरणात आलाच. त्याचे उत्तर साधारण असे लिहिता येते: ‘आपला ॲडव्हान्स आमच्या खात्यात जमा होणे आणि मंजूर ड्रॉइंग आमच्याकडे परत येणे, या दोहोंपैकी जे नंतर घडेल त्या दिवसापासून आठ आठवड्यांत पंप आमच्या कारखान्यातून निघतील.’ वाक्य लांब आहे, पण त्यातला एकही शब्द काढता येत नाही.

मात्र हे वाक्य एकटे सोडले तर ते एकतर्फी होते. ड्रॉइंग मंजूर करणे ग्राहकाच्या हातात आहे, पण ते आधी पाठवणे पुरवठादाराच्या हातात आहे. आमच्या प्रकरणात पुरवठादार ॲडव्हान्स येईपर्यंत ड्रॉइंग धरून बसला, आणि त्यामुळे जी दोन कामे एकाच वेळी चालू शकत होती ती एकामागून एक झाली. ‘ऑर्डर मिळाल्यापासून पाच कामाच्या दिवसांत आम्ही ड्रॉइंग पाठवू’ असे वाक्य ईमेलमध्ये असते, तर ड्रॉइंग एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातच आमच्या टेबलावर आले असते, ॲडव्हान्सची फाइल फिरत असतानाच दुरुस्ती होऊन गेली असती, आणि मोजणी 22 एप्रिलपासून सुरू होऊन पंप 17 जूनला निघाले असते. तेरा दिवस वाचले असते, तेही उत्पादनाचा वेग जराही न वाढवता. ग्राहकाची कामे लिहिताना आपली कामेही तारखेसकट लिहावीत, हे मी त्या वेळी पाहून ठेवले.

मोजणी कधी संपते हा प्रश्न त्याहून सोपा, तरी तितकाच दुर्लक्षित. आठ आठवड्यांनी माल तयार होतो, कारखान्यातून निघतो, की ग्राहकाच्या दारात पोहोचतो? विक्री विभागाला निघणे म्हणजेच डिलिव्हरी वाटते, कारण त्यांचे काम तिथे संपते. ग्राहकाला अर्थातच पोहोचणे अपेक्षित असते. म्हणून ‘डिलिव्हरी’ हा शब्द ईमेलमध्ये एकटा वापरू नये असे माझे ठाम मत झाले आहे. ‘निघतील’ किंवा ‘आपल्या पत्त्यावर पोहोचतील’ असे क्रियापद लिहावे. क्रियापदाला लपता येत नाही.

जबाबदारीचा प्रश्न आला की बहुतेक जण तीन अक्षरांचा आधार घेतात. आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने 1936 साली पहिल्यांदा प्रसिद्ध केलेले इनकोटर्म्स हे नियम याच कामासाठी आहेत, आणि त्यांच्या 2020 च्या आवृत्तीत तीन अक्षरी नावांचे असे अकरा नियम आहेत. ते वापरू नयेत असे मी म्हणणार नाही. करारात ते असावेतच. पण ईमेलमध्ये त्या अक्षरांच्या पुढे त्यांचा अर्थ लिहिला नाही तर फसगत होते, आणि ती नेमकी माल चढवण्या-उतरवण्याच्या जागी होते. एक्स-वर्क्स म्हटले तर विक्रेत्याने माल आपल्या आवारात उपलब्ध करून द्यायचा, वाहनावर चढवण्याची जबाबदारी त्याची नाही. प्रत्यक्षात क्रेन त्याच्याच आवारात असते आणि तोच माल चढवतो, मग चढवताना पंप पडला तर नुकसान कोणाचे यावर दोघे एकमेकांकडे पाहतात. एफसीए या नियमाखाली विक्रेत्याच्याच आवारातून माल जाणार असेल, तर चढवणे विक्रेत्याकडे येते. डीएपी म्हटले तर विक्रेता ठरलेल्या जागेपर्यंत माल आणतो, पण उतरवणे ग्राहकाकडे. उतरवणेही विक्रेत्याकडे हवे असेल तर त्यासाठी डीपीयू हा वेगळा नियम आहे. जड पंप घेऊन ट्रक फाटकाशी उभा आहे आणि उतरवायला क्रेन कोणी सांगितलीच नाही, हे दृश्य ज्याने पाहिले आहे त्याला पुढचे वाक्य अनावश्यक वाटणार नाही: ‘ट्रकचे भाडे व वाटेतला विमा आमच्याकडे, ट्रक आपल्या आवारात पोहोचल्यावर पंप उतरवण्याची व्यवस्था व खर्च आपल्याकडे.’ तीन अक्षरे, ठिकाणाचे पूर्ण नाव आणि ‘इनकोटर्म्स 2020’ हे पीडीएफमध्ये असू द्यावे. ईमेलमध्ये हे वाक्य असावे.

पेमेंटच्या अटीत लोक टक्केवारी न चुकता लिहितात, कारण टक्केवारीवर घासाघीस झालेली असते. 40 टक्के ॲडव्हान्स, 50 टक्के डिस्पॅचपूर्वी, 10 टक्के पंप बसवून चालू झाल्यावर. यातला पहिला हप्ता सरळ आहे, पण ॲडव्हान्स देण्यासाठी ग्राहकाच्या लेखाविभागाला कोणता कागद लागेल हे ईमेलमध्येच विचारून घ्यावे, नाहीतर आमच्यासारखे तीन आठवडे त्यात जातात. दुसऱ्या हप्त्यात ‘पूर्वी’ हा शब्द पुरत नाही. पंप तयार झाल्याचे पुरवठादार कळवणार, मग ग्राहक तपासणीला येणार किंवा नको म्हणणार, मग पैसे जाणार. कळवल्यापासून किती दिवसांत तपासणी आणि किती दिवसांत पैसे, हे लिहिले नाही तर तयार पंप गोदामात पडून राहतात आणि आठ आठवडे पाळले की मोडले हे ठरवता येत नाही.

तिसरा हप्ता सर्वांत लहान आणि सर्वांत जास्त अडकणारा. पंप बसवायला चौथरा लागतो, वीज लागते, पाइप लागतात, आणि हे सगळे ग्राहकाकडे. चौथरा सहा महिने झाला नाही तर पुरवठादाराचे दहा टक्के सहा महिने अडकतात, त्याची काही चूक नसताना. म्हणून ‘पंप चालू झाल्यावर, किंवा आपल्या आवारात पोहोचल्यापासून 60 दिवसांनी, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा’ असे लिहितात. इथे ‘जे आधी’ आणि डिलिव्हरीत ‘जे नंतर’, ही दोन वाक्ये ग्राहक शेजारी शेजारी वाचतो आणि दोन्ही पुरवठादाराच्याच सोयीची आहेत हे त्याच्या लक्षात येते. येऊ द्यावे. त्याला ते मान्य नसेल तर तो ऑर्डर देण्यापूर्वीच तसे म्हणेल, आणि कव्हर ईमेल त्यासाठीच असतो.

नियमित ग्राहकांना उधारीवर माल देताना ‘30 दिवस’ लिहितात, तिथेही तोच प्रश्न: इन्व्हॉइसच्या तारखेपासून, इन्व्हॉइस मिळाल्यापासून, की माल मिळाल्यापासून? काही लेखाविभाग महिन्याच्या शेवटापासून मोजतात, आणि मग 2 तारखेच्या इन्व्हॉइसचे तीस दिवस जवळजवळ साठ होतात. ‘इन्व्हॉइसच्या तारखेपासून 30 दिवसांत रक्कम आमच्या खात्यात जमा व्हावी’ यात काहीच राहत नाही.

इथे कोणी म्हणेल की हे सगळे पीडीएफमध्ये असतेच, ईमेल हा केवळ निरोप. ईमेलमधल्या एका वाक्याला किती वजन असते आणि किती नसते, याचा एक प्रसिद्ध दाखला इंग्लंडमधल्या न्यायालयात सापडतो. बटलर मशीन टूल कंपनीने 23 मे 1969 रोजी एक्स-सेल-ओ या कंपनीला एका यंत्राचे 75,535 पौंडांचे कोटेशन दिले. सोबतच्या अटींत डिलिव्हरीच्या वेळच्या भावाप्रमाणे किंमत बदलण्याची तरतूद होती, आणि आमच्याच अटी वरचढ राहतील असेही होते. ग्राहकाने ऑर्डर दिली ती स्वतःच्या छापील अटींवर, आणि त्यांत भाववाढीला जागा नव्हती. ऑर्डरच्या खाली फाडून परत पाठवायची एक पावती होती: या ऑर्डरवरील अटींनुसार ती आम्हाला मान्य आहे. विक्रेत्याने ती पावती सही करून परत पाठवली, आणि सोबत एक पत्र जोडले, ज्यात ऑर्डर आमच्या 23 मेच्या कोटेशननुसार नोंदवली जात आहे असे लिहिले. यंत्र तयार झाल्यावर त्याने भाववाढीचे 2,892 पौंड मागितले. खालच्या न्यायालयात तो जिंकला, पण 1977 साली अपील न्यायालयात हरला. त्या पत्रातला कोटेशनचा उल्लेख केवळ यंत्र कोणते आणि किंमत किती हे सांगण्यापुरता आहे, त्याने विक्रेत्याच्या अटी पुन्हा जिवंत होत नाहीत, असा अर्थ न्यायाधीशांनी लावला.

विक्रेत्याने पत्रात ‘किंमत डिलिव्हरीच्या वेळच्या भावाप्रमाणे बदलेल, ही अट आपल्या ऑर्डरच्या अटींहून वेगळी आहे, ती मान्य असल्याचे कळवावे’ असे एक वाक्य लिहिले असते, तर निदान मतभेद त्याच आठवड्यात समोर आला असता. त्याऐवजी त्याने ‘कोटेशननुसार’ हा शब्द वापरला, आणि तो शब्द आजही रोज हजारो ईमेलमध्ये तसाच जातो. व्हिएन्नाच्या करारातही किंमत, पेमेंट, डिलिव्हरीची जागा आणि वेळ यांत बदल करून दिलेला होकार हा होकार नसून उलट प्रस्ताव मानला जातो. म्हणून ऑर्डर हातात पडली की ती ईमेलशी वाक्यागणिक ताडून पाहावी, आणि फरक असेल तर सही करण्यापूर्वी लिहावे.

त्या चार पंपांसाठी मी पुरवठादाराच्या जागी असतो तर ईमेल असा लिहिला असता:

‘विषय: कोटेशन क्र. 118, सुधारणा 1, चार पंप, 2 एप्रिलपर्यंत वैध

महोदय,

आपल्या चौकशीनुसार चार पंपांचे कोटेशन सोबत जोडले आहे. आधी पाठवलेले मूळ कोटेशन क्र. 118 याने रद्द झाले आहे.

हे दर 2 एप्रिल, संध्याकाळी 5 वाजेपर्यंत कायम आहेत. तोपर्यंत आपली लेखी पर्चेस ऑर्डर या पत्त्यावर पोहोचल्यास दर बदलणार नाहीत. मात्र ॲडव्हान्स ऑर्डरपासून 21 दिवसांत जमा व्हावा. त्यापेक्षा उशीर झाल्यास मोटारीचा दर पुन्हा तपासून कळवावा लागेल.

ऑर्डर मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत ॲडव्हान्ससाठीचा प्रोफॉर्मा इन्व्हॉइस आणि पाच कामाच्या दिवसांत ड्रॉइंग आम्ही पाठवू. ॲडव्हान्स जमा होणे आणि मंजूर ड्रॉइंग परत मिळणे, यांपैकी जे नंतर घडेल त्या दिवसापासून आठ आठवड्यांत पंप आमच्या कारखान्यातून निघतील. वाहतूक व वाटेतला विमा आमच्याकडे, आपल्या आवारात उतरवणे आपल्याकडे.

ॲडव्हान्स 40 टक्के, वर दिलेल्या 21 दिवसांत. पंप तयार असल्याचे आम्ही कळवल्यापासून सात दिवसांत आपली तपासणी, आणि त्यानंतर सात दिवसांत 50 टक्के. ते मिळेपर्यंतचे दिवस आठ आठवड्यांत धरलेले नाहीत. उरलेले 10 टक्के पंप चालू झाल्यावर, किंवा आपल्या आवारात पोहोचल्यापासून 60 दिवसांनी, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा.

याच अटी कोटेशनच्या पान 1 वर आहेत. आपल्या ऑर्डरमध्ये यांहून वेगळे काही असेल तर ऑर्डर स्वीकारण्यापूर्वी आम्ही तसे लेखी कळवू.’

यात कोटेशन क्रमांक आणि सुधारणा विषयाच्या ओळीत आहेत, कारण ईमेल पुढे पाठवला जातो आणि जोडलेली फाइल मागे राहते. लेखाविभागाकडे कधी नुसता ईमेल असतो, कधी नुसती पीडीएफ. अटी दोन्हीकडे त्याच शब्दांत आहेत, आणि छापील पानावरचे ‘ॲडव्हान्स मिळाल्यावरच ऑर्डर ग्राह्य’ हे वाक्य काढून टाकलेले आहे, कारण ते राहिले तर वरचा दुसरा परिच्छेद खोटा ठरतो. बँकेच्या खात्याचा तपशील ईमेलमध्ये मुद्दाम घातलेला नाही. बनावट ईमेलने खाते बदलल्याचे कळवून पैसे पळवण्याचे प्रकार होतात, म्हणून तो इन्व्हॉइसवर असावा आणि ग्राहकाने पहिल्या वेळी फोनवर पडताळून घ्यावा.

या ईमेलने आमच्या प्रकरणात सगळे सुरळीत झाले असते असे नाही. 31 मार्चपासून 21 दिवस म्हणजे 21 एप्रिल, आणि आमचा ॲडव्हान्स पोहोचला 22 ला. एका दिवसाने आम्ही मुदतीबाहेर गेलो असतो. पण 21 एप्रिल ही तारीख आमच्या लेखाविभागाला आधीपासून माहीत असती, आणि 20 तारखेला कोणीतरी पुरवठादाराला फोन करून एक दिवस मागून घेतला असता. असा एक दिवस सहसा मिळतो. अटच ठाऊक नसेल तर तो मागणार कोण?

मुदत वाढवून देताना मात्र एक पथ्य पाळावे. ग्राहक वैधता संपण्याच्या सुमारास लिहितो, ‘मंजुरीला वेळ लागतो आहे, पंधरा दिवस वाढवून द्यावेत’, आणि विक्री विभाग एका ओळीत उत्तर देतो, ‘वाढवली’. त्या एका ओळीने दराची मुदत वाढली, पण आठ आठवड्यांचे काय? मधल्या पंधरा दिवसांत कारखान्यात दुसरे काम आले असेल तर आठ आठवडे आता दहा झालेले असतात, आणि मोटारवाल्याच्या 30 एप्रिलला 17 एप्रिलच्या नव्या वैधतेचा हिशेब जुळत नाही, कारण 21 दिवस धरले की ॲडव्हान्सची तारीख 8 मेवर जाते. तेव्हा वाढ देण्यापूर्वी मोटारवाल्याकडून नवी मुदत लेखी घ्यावी, ती मिळत नसेल तर ॲडव्हान्सचे दिवस 21 वरून सातवर आणावेत, आणि उत्तरात तिन्ही अटी पुन्हा पूर्ण लिहाव्यात: दर 17 एप्रिल, संध्याकाळी 5 पर्यंत, ॲडव्हान्स ऑर्डरपासून सात दिवसांत, पंप दहा आठवड्यांत, बाकी 3 मार्चच्या ईमेलप्रमाणे. कोटेशनला सुधारणा 2 असा क्रमांक द्यावा, विषयाची ओळ बदलावी आणि नवी पीडीएफ जोडावी.